हिरवा माणूस साक्ष देत नाही

खोलीच्या आत काढलेला फोटो हा सगळ्यात लबाड फोटो. बाहेरच्या फोटोत लपवाछपवीला फारशी जागा नसते. झाडं असतात, विजेचे खांब असतात, गाडीची नंबरप्लेट असते, दुकानाची पाटी असते. नागाव-रेवदंड्याच्या वाडीतला फोटो राजस्थानातला म्हणून कुणी खपवू लागला, तर पोफळीच त्याला खोटं पाडतील. आतमध्ये मात्र एक ट्यूबलाइट, एक पांढरी भिंत, एक लोखंडी खाट आणि मास्क लावलेली माणसं. एवढ्या सामानावर कुठलाही देश उभा करता येतो.

आणि तो केला जातोच. 25 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या सीबीएस या बड्या वाहिनीने सकाळच्या कार्यक्रमात न्यूयॉर्कच्या करोना-संकटाची बातमी दिली, आणि तिच्यात दृश्यं दाखवली इटलीतल्या रुग्णालयाची. ती काही दिवस आधी दुसऱ्या वाहिनीने प्रसारित केलेली होती, म्हणून प्रेक्षकांना सापडली. वाहिनीने 'संपादनातली चूक' म्हणून कबुली दिली. पगारी संपादकांच्या नजरेतून इटली अमेरिका म्हणून सुटते, तर अलिबाग-मुरुडच्या व्हॉट्सॲप गटांत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. तिथे निकाल लावायची पद्धत ठरलेली आहे. फोटोत घाण आणि गर्दी दिसली, की अर्धे म्हणतात "बघा आपल्याकडची अवस्था", आणि उरलेले म्हणतात "छे, हा पाकिस्तानातला आहे". दोन्ही बाजू फोटोकडे बघतच नाहीत, आपापल्या मताकडे बघतात. घाणीला राष्ट्रीयत्व नसतं.

या दोघांवर उतारा म्हणून हल्ली तिसरे जाणकार निघाले आहेत. ते फोटो मोठा करून भिंतीवरच्या खुणा बघतात, आणि ही सवय चांगलीच आहे. पण त्यातले बरेच जण दारावरचा तो हिरवा पळणारा माणूस दिसला की तिथेच थांबतात आणि "हे युरोपातलं" किंवा "हे जपानमधलं" असा निवाडा देऊन मोकळे होतात. माझं भांडण मुख्यतः यांच्याशी आहे. कारण भिंतीवरच्या सगळ्या खुणांत देश ओळखायला सर्वांत निरुपयोगी खूण कुठली असेल, तर ती हाच हिरवा माणूस. आणि तो निरुपयोगी आहे, कारण त्याला मुद्दाम तसा घडवला आहे.

त्याची कथा थोडक्यात अशी. 1972 साली ओसाकातल्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरला आग लागून 118 माणसं गेली. पुढच्याच वर्षी कुमामोतोमधल्या तायो स्टोअरच्या आगीत शंभराहून अधिक माणसं गेली. धुरात, घाबरलेल्या अवस्थेत अक्षरं वाचली जात नाहीत, म्हणून जपानमध्ये चित्रखुणेचा शोध सुरू झाला, स्पर्धा झाली, आणि युकिओ ओता यांचा पळणारा माणूस पक्का ठरला. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तो घेतला. आज तो आयएसओ 7010 या मानकात आहे: ई001 म्हणजे डावीकडे पळणारा, ई002 म्हणजे उजवीकडे पळणारा. कोणालाही, कुठेही, भाषा न येता कळावा हाच त्याचा उद्देश. जी खूण सगळीकडे सारखी असावी म्हणून माणसांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तिच्याकडून ती कुठली आहे हे विचारणं म्हणजे एक रुपयाचं नाणं दाखवून ते कुणाच्या खिशातलं म्हणून विचारण्यासारखं आहे.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. भाऊचा धक्का ते मांडवा अशी जी रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली, ती बांधली गेली ग्रीसमध्ये आणि चालते आपल्या पाण्यात. पलीकडे उरणला न्हावा-शेवा बंदरात रोज जहाजं लागतात. कुणावर एका देशाचा झेंडा, कुणाचा मालक दुसऱ्या देशातला, आणि खलाशी तिसऱ्याच. या जहाजांच्या आत काढलेल्या फोटोत हिरव्या खुणा भरपूर दिसतील, कारण सागरी सुटकेच्या खुणा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरवून दिलेल्या आहेत. मध्ये माणसांचा घोळका आणि चारही कोपऱ्यांतून त्याच्याकडे येणारे बाण, अशी खूण दिसली तर ती 'इथे जमा' सांगणारी आहे. तिच्यावरून फोटो जहाजातला आहे की जमिनीवरचा, एवढंही ठामपणे म्हणता येत नाही. कुठल्या देशातला, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. ज्यांच्या घरात बोटीवर नोकरी करणारा कुणी आहे, त्यांना हे तोंडपाठ असतं. तरीही त्याच घरात दवाखान्याचा फोटो आला की हिरवा माणूस बघून निवाडा होतो.

मग खुणेवरून काहीच कळत नाही का? कळतं, पण उलट्या बाजूने. मानक जिथे मोडलेलं असतं, तिथे देश बोलतो. अमेरिकेत अजूनही चित्राऐवजी 'एक्झिट' हा शब्दच चालतो, कधी लाल, कधी हिरवा. न्यूयॉर्क शहरात तो लाल. अक्षरं साधारण सहा इंच उंच, शब्दाच्या बाजूला बाणाचं छोटं टोक, आणि बऱ्याचदा खोक्याला बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या जुन्या इमारतींत तसाच लाल खोका, पण शब्द फ्रेंच, 'सोर्ती'. जपानमध्ये माणूस सर्वांचाच, पण तिथे एक बारीक भेद पाळतात: प्रत्यक्ष दारावरची पाटी हिरव्या रंगावर पांढरी, आणि दाराकडे नेणाऱ्या वाटेवरची पाटी पांढऱ्यावर हिरवी. असा भेद दिसला, की कान टवकारावेत. मात्र लाल 'एक्झिट' दिसला की अमेरिका, असंही नाही. आपल्या जुन्या थेटरांत पडद्याच्या बाजूला लाल अक्षरांत हाच शब्द जळत असायचा. आठवून बघा.

संडासाच्या दारावरच्या चित्रांचंही तेच. झगा घातलेली बाई आणि विजार घातलेला पुरुष ही जोडी अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी 1974 साली बनलेल्या चिन्हसंचातून जगभर रुळली. आपल्याकडे झगा घालणाऱ्या बायका मोजक्याच, तरी मॉलमध्ये तीच बाई उभी असते. म्हणून तीही साक्षीदार म्हणून बाद. पण पोलंडमध्ये दारावर नुसता त्रिकोण दिसतो आणि शेजारच्या दारावर वर्तुळ: त्रिकोण पुरुषांचा, वर्तुळ बायकांचं. हे ऐकून कुणी लगेच वहीत टिपून ठेवील, "त्रिकोण दिसला की पोलंड". त्याने अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचाही विचार करावा. अंधांना आणि कमी दिसणाऱ्यांना उपयोगी म्हणून तिथल्या इमारत-नियमांनी दारावर मोठा त्रिकोण आणि मोठं वर्तुळ लावायला लावलं आहे, आणि तिथेही त्रिकोण पुरुषांचाच. फरक एवढाच की कॅलिफोर्नियातल्या त्रिकोणाचं टोक वर असतं आणि पोलंडमधल्या त्रिकोणाचं सहसा खाली. एक खूण, दोन खंड. एकाच खुणेवर निवाडा देणाऱ्याला यापेक्षा चांगली समज देता येणार नाही.

आता मुद्द्याच्या जागी, म्हणजे रुग्णालयात येऊ. कारण खोटे फोटो सर्वांत जास्त फिरतात ते इथले, आणि त्यांनी होणारं नुकसानही खरं असतं. एखाद्या तालुक्याच्या दवाखान्याबद्दल खोटा फोटो फिरला तर बाळंतपणाला आलेली बाई तिथे न जाता दीडशे किलोमीटरवर मुंबईकडे निघते. खरा फोटो 'परदेशातला' म्हणून झटकला तर त्या दवाखान्याला जाब विचारणाराच उरत नाही.

रुग्णालय म्हटलं की लोक लाल क्रॉस शोधतात. लाल क्रॉस हे दवाखान्याचं चिन्ह नाहीच. ते जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेलं, युद्धातल्या वैद्यकीय सेवेचं आणि रेडक्रॉस संस्थेचं चिन्ह आहे. आपल्याकडे 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने ते परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे आणि दंडही आहे, पाचशे रुपयांपर्यंत. तो कुणाच्या खिजगणतीत नाही. डॉक्टरांच्या मोटारीपासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे लाल क्रॉस आहेच. गंमत अशी, की कायदा मोडण्याची ही आपली सार्वत्रिक सवयच फोटो ओळखायला थोडीफार मदत करते. फ्रान्स-इटलीत औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, जर्मनीत मोठा लाल 'ए' असतो. पाकिस्तानात आणि आखाती देशांत संस्थेचं चिन्ह लाल चंद्रकोर आहे. खासगी दवाखान्याच्या काचेवर सर्रास चिकटवलेला लाल क्रॉस दिसला, तर आपल्या बाजूचा संशय बळावतो. पण संशयच. पुरावा नव्हे.

पुरावा हवा तर जी खूण या देशाच्या कायद्याने भिंतीवर लावायला लावली आहे ती शोधायची. आपल्याकडे अशी एक खूण आहे आणि ती इतकी रोजची आहे की आपल्याला दिसत नाही: "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे" अशा अर्थाचा फलक. सोनोग्राफी होते त्या प्रत्येक ठिकाणी तो इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावणं बंधनकारक आहे. देशाचा कायदा 1994 चा, पण त्याच्याही आधी 1988 साली असा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र. लिंगनिदानाला बंदी चीनमध्येही आहे, तेव्हा नुसती बंदी म्हणजे भारत असं नाही. पण इंग्रजी आणि शेजारी राज्याची भाषा अशी जोडी फोटोत सापडली, तर देश आणि राज्य दोन्ही एका फटक्यात हाती येतात. त्या फलकाची लाज वाटावी अशी परिस्थिती आहे, हे खरं. पण साक्षीदार म्हणून तो हिरव्या माणसापेक्षा शंभरपट विश्वासू आहे.

एक उदाहरण नीट करून बघू. समजा फोटो आला आहे. लांब व्हरांडा, जमिनीवर सतरंज्या टाकून झोपलेले रुग्ण, आणि खाली मजकूर: "आपल्या रायगडातल्या सरकारी दवाखान्याची आजची स्थिती". टोकाच्या दारावर हिरवा माणूस आहे. त्याच्यावरून फार तर अमेरिका कमी संभवते, पुढे काही नाही. खाटेखाली पिवळी आणि लाल अशा कचऱ्याच्या बादल्या आहेत. आपल्या 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग आहेत, तेव्हा बादल्या जुळतात. पण पिवळा-लाल रंग बाहेरच्या देशांतही वापरतात, म्हणून हेही जोडून ठेवायचं, शिक्का मारायचा नाही. मग भिंतीवर अर्धवट दिसणारी पाटी. अक्षरं देवनागरी. इथे नव्वद टक्के लोक थांबतात आणि "झालं, आपलंच" म्हणतात. थांबू नका. देवनागरी नेपाळचीही लिपी आहे, आणि 'शौचालय', 'महिला', 'पुरुष' हे शब्द मराठी, हिंदी, नेपाळी तिघींतही तसेच्या तसे आहेत. दोन्ही दारांवर हेच लिहिलेलं असेल तर तुम्ही काठमांडूत आहात की कर्जतमध्ये, हे त्या दारांना माहीत नाही. आता पाटीचा दुसरा शब्द वाचा. तिथे 'बिरामी' असं असेल, तर ती नेपाळी आहे. रुग्णाला नेपाळीत बिरामी म्हणतात. 'मरीज' असेल तर हिंदी. 'रुग्णांच्या नातेवाइकांनी' असं असेल, कुठे 'ळ' दिसत असेल, बायकांच्या दारावर 'स्त्रिया' असेल, तर मराठी.

समजा मराठी निघाली. देश ठरला, राज्य बहुतेक ठरलं. पण बहुतेकच, कारण मराठी पाट्या गोव्यात आणि बेळगावकडेही सापडतात. आणि जिल्हा तर अजिबात ठरला नाही. फोटो रायगडाचा आहे की चंद्रपूरचा हे या खुणा सांगणार नाहीत. 'आजची स्थिती' हे तर त्याहून नाही. तारखेसाठी वेगळी खूण लागते. सरकारी योजनेचा फलक दिसतो का बघा. 2012 साली जी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. नवं नाव दिसलं तर फोटो 2017 च्या आधीचा असू शकत नाही. जुनं नाव दिसलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुने फलक कोण उतरवतं? नवी वस्तू तारखेला अलीकडची मर्यादा घालते, जुनी वस्तू पलीकडची घालत नाही. हा साधा नियम पाळला असता तर अर्धे 'आजचे' फोटो फिरलेच नसते.

'पाकिस्तानातला आहे' म्हणणाऱ्यांसाठीही एक साधी कसोटी आहे, आणि ती या किनाऱ्यावरच्या लोकांना घरातच विचारता येते. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कोकणी मुसलमान घरांत उर्दू वाचणारे आहेत आणि आखातात नोकरी केलेलेही आहेत. उर्दूच्या पाट्या सहसा तिरक्या, वरून खाली उतरत आल्यासारख्या लिहिलेल्या असतात. अरबी पाट्या आडव्या सरळ रेघेवर बसलेल्या असतात. दारावर 'मख्रज' लिहिलं असेल तर ते अरबीतलं बाहेर जाण्याचं दार. त्याला लाहोर म्हणणं म्हणजे दुबईला खोपोली म्हणण्यासारखं. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही आपण शेजाऱ्याला एक पाटी वाचून दाखवायला सांगत नाही, आणि गटात मात्र छातीठोकपणे देश ठरवतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फोटो आरशासारखा उलटवलेला असू शकतो. हिरव्या माणसावरून ते कळणार नाही, कारण तो दोन्ही दिशांना पळतो. अक्षरांवरूनच कळेल. चित्रपटाचा सेट असेल तर भिंतीवरचं सगळंच उभं केलेलं असतं. आणि कुणी मुद्दाम कापून घेतलेल्या फोटोत पाटीच नसेल, तर प्रामाणिक उत्तर एकच: सांगता येत नाही. हे उत्तर द्यायची लाज वाटते, म्हणून लोक हिरव्या माणसाला साक्षीला बोलावतात.

आता शेवटचं आणि जास्त बोचणारं. परक्या फोटोतला देश ओळखायला आपण मराठी अक्षरं शोधतो. पण आपल्याच दवाखान्याच्या आतल्या फोटोत ती कुठे सापडतात? बाहेरच्या नामफलकावर सापडतात. 2022 साली कायदा दुरुस्त झाला, लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्यांवरून आंदोलनं झाली. पण ही सगळी लढाई उंबरठ्याशी संपते. आत शिरलं, की ज्या दारातून जीव घेऊन पळायचं त्यावर बऱ्याच ठिकाणी फक्त 'एक्झिट' असतं, तेही चिकटवलेल्या कागदावर, आणि खाली कधी खुर्च्यांचा ढीग, कधी कुलूप. दुकानाचं नाव मराठीत हवं हे आपल्याला पटतं. बाहेर पडण्याची वाट मराठीत हवी हे कुणाच्या मनात येत नाही.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं आगीत गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत अकरा रुग्ण गेले. पाटी असती तर ते वाचले असते असा दावा मी करत नाही. बाळं आणि खाटेला खिळलेले रुग्ण पाट्या वाचून पळत नाहीत. पण त्यांना उचलून नेणारे आई-बाप, नातेवाईक, मावशी, वॉर्डबॉय यांना वाट दिसावी लागते. धूर छताशी आधी जमतो आणि आपल्या पाट्या नेमक्या दाराच्या वर, छताजवळच असतात. प्रवासी जहाजांना हे कळलेलं आहे. तिथे सुटकेच्या वाटेचे दिवे किंवा चमकणाऱ्या पट्ट्या जमिनीपासून तीस सेंटीमीटरच्या आत लावाव्या लागतात. बोटीवर काम करणाऱ्या पोराला रांगत बाहेर पडायची वाट आखून दिलेली असते, आणि त्याच्या आईला दवाखान्यात ती नसते.

म्हणून माझं म्हणणं दोन वाक्यांत. फोटो आला की हिरव्या माणसाला सोडा, त्याच्या शेजारच्या भिंतीवर कुठल्या कायद्याने आणि कुठल्या भाषेत काय लिहायला लावलं आहे ते वाचा, आणि वाचता आलं नाही तर गप्प बसा. आणि पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात जाल तेव्हा तीच नजर तिथे लावा: 'बाहेर जाण्याचा मार्ग' ही अक्षरं दिसली नाहीत किंवा दिसलेल्या दाराला कुलूप असलं, तर त्याचा फोटो काढा, तारीख-ठिकाण लिहा आणि तो व्हॉट्सॲप गटात नव्हे, लेखी तक्रारीला जोडून अग्निशमन विभागाकडे द्या. तो कुठल्या देशातला आहे हे मग कुणालाच विचारावं लागणार नाही.